डोळ्यात भरलेली व्यक्ती मनात भरली आहे का, हे कसं ओळखावं?

मराठीत दोन वाक्प्रचार आहेत आणि आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. एखादी व्यक्ती डोळ्यात भरते आणि एखादी मनात भरते. समोरची व्यक्ती आपल्या आवाक्यातली असेल तर हा घोळ फार काळ टिकत नाही. दोन-चार महिने बोलणं-भेटणं होतं, रुसवे-फुगवे होतात आणि काय भरलं होतं ते आपोआप कळतं. व्यक्ती मिळण्यासारखी नसेल तर ही चाचणी होतच नाही. तिचं लग्न ठरलेलं असतं, किंवा त्याने स्पष्ट नकार दिलेला असतो, किंवा नात्याची चौकटच अशी असते की पुढे जाणं शक्य नसतं. अशा वेळी माणूस वर्षानुवर्षं "हे खरं प्रेम की नुसती भुरळ?" या प्रश्नाभोवती फिरत राहतो, कारण उत्तर देणारा सहवासच त्याच्या वाट्याला येत नाही.

म्हणून ती चाचणी आपली आपणच, कागदावर घ्यावी लागते. कशी, ते एका उदाहरणातून सांगतो. माझ्या ओळखीतला एक तरुण, वय 29, हौशी नाट्यसंस्थेत नेपथ्याचं काम करणारा. तिथे दिग्दर्शन करणाऱ्या मुलीवर त्याचा आठ महिने जीव जडलेला. तिचं लग्न ठरलेलं होतं. तिने ते लपवलं नव्हतं आणि याला कधी आशाही दाखवली नव्हती. ती दिसायला देखणी आहे, हे तो स्वतःच पहिल्या वाक्यात सांगायचा आणि दुसऱ्या वाक्यात म्हणायचा, "पण माझं तसं नाहीये. नुसत्या दिसण्यासाठी कोणी इतकं झुरतं का?"

झुरतं. तेही हमखास. सुरुवात तिथूनच करू.

आधी तीव्रतेवरचा विश्वास काढून टाका

"इतकं तीव्र वाटतंय म्हणजे खोल असणार" हा तर्क बहुतेकांना पटतो. पण ओढीची तीव्रता समोरच्या व्यक्तीपेक्षा अनिश्चिततेबद्दल जास्त सांगते. 2011 मध्ये अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. 47 विद्यार्थिनींना सांगितलं गेलं की दुसऱ्या विद्यापीठांतल्या काही मुलांनी तुमचं फेसबुक प्रोफाइल पाहिलंय. काही जणींना पुढे सांगितलं की आता दिसतील त्या मुलांना तुम्ही सर्वांत जास्त आवडलात. काहींना सांगितलं की बेताच्या आवडलात. उरलेल्यांना सांगितलं की यातलं कोणतंही खरं असू शकतं. पहिल्या गटाला ती मुलं दुसऱ्या गटापेक्षा जास्त आवडली, त्यात नवल नाही. पण सर्वांत जास्त ओढ वाटली ती तिसऱ्या गटाला, आणि त्या मुलांचा विचारही त्याच गटाच्या डोक्यात सर्वांत जास्त घोळला. मुलं प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हती, ती प्रयोगासाठी रचलेली होती.

प्रयोग लहान आहे, त्यावर इमारत उभारू नये. पण त्याआधीही, 1970 च्या दशकात, डोरोथी टेनॉव्ह या मानसशास्त्रज्ञ बाईंनी शेकडो लोकांशी बोलून अशा झुरण्याचा अभ्यास केला होता आणि त्यासाठी 'लिमरन्स' हा शब्दही घडवला. त्यांचं निरीक्षण असं होतं की हे वेड जगायला दोन गोष्टी लागतात, थोडी आशा आणि थोडी शंका. पूर्ण होकाराने ते विझत जातं, आणि पूर्ण, निःसंदिग्ध नकारानेही.

म्हणून पहिलं काम असं, की कागदावर दोन वाक्यं लिहा. पहिलं: ही व्यक्ती मला नेमकी का मिळू शकत नाही? दुसरं: तरीही मी कोणती फट उघडी ठेवली आहे? दुसऱ्या वाक्याला प्रामाणिकपणा लागतो. आपल्या तरुणाने पहिल्यात लिहिलं, "तिचं लग्न ठरलंय." दुसऱ्यासाठी दोन दिवस घेतले आणि मग लिहिलं, "लग्नाची तारीख दोनदा पुढे गेली आहे. आणि एकदा तालमीनंतर ती म्हणाली होती, तू नसलास की मला सेट परका वाटतो." एका वाक्यावर आठ महिने. सुतावरून स्वर्ग म्हणतात तो हाच.

फट सापडली की आपल्या तीव्रतेतला किती भाग त्या फटीतून येतो ते तपासता येतं. गेल्या काही आठवड्यांत ओढ कधी उसळली ते आठवा. आपल्या तरुणाची प्रत्येक उसळी तारीख पुढे गेल्याच्या बातमीनंतर किंवा अशा एखाद्या वाक्यानंतरची होती. तिच्या कामात काही विलक्षण दिसलं म्हणून उसळली, असं एकदाही झालं नव्हतं. यावरून अजून निकाल लागत नाही, पण तीव्रता हा पुरावा म्हणून बाद होतो.

दोन रकाने: पाहिलेलं आणि भरलेलं

आता दिसण्याकडे येऊ. देखण्या व्यक्तीच्या बाबतीत आपली फसगत होते ती तिचं रूप आवडतं म्हणून नाही. रूप आवडणं सरळ आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फसगत होते कारण रूप आपल्याला गुणांच्या वेषात दिसतं. 1920 मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी दाखवलं होतं की लष्करी अधिकारी हाताखालच्यांना गुण देताना देहयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य हे सगळं एकमेकांत मिसळून टाकतात. एका बाबतीत चांगले गुण दिले की बाकीचेही वर सरकतात. 1972 मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात लोकांना नुसते फोटो दाखवले, तर देखण्या चेहऱ्यांची माणसं जास्त प्रेमळ, जास्त यशस्वी आणि संसारात जास्त सुखी असतील असं त्यांनी मानलं. फोटोतल्या माणसांबद्दल त्यांना दुसरं काहीही ठाऊक नव्हतं.

सहवास असेल तर हा रंग उडतो. न मिळणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत आपण तो वर्षभर जपून ठेवतो.

त्यामुळे "मला तिचा स्वभाव आवडतो" हे वाक्य पुरावा म्हणून चालत नाही. ते उलगडावं लागतं. कागदाचे दोन भाग करा. डावीकडे त्या व्यक्तीचे तुम्हाला आवडणारे गुण लिहा, सुचतील तेवढे. उजवीकडे प्रत्येक गुणासमोर एक प्रसंग लिहा. कधी, कुठे, ती व्यक्ती काय बोलली किंवा काय केलं. प्रसंग तुम्ही स्वतः पाहिलेला हवा आणि त्यात चेहऱ्याचं वर्णन नको. "तिच्या डोळ्यांत एक समजूत आहे" हा प्रसंग नव्हे. "तिचं हसणं निर्मळ आहे" हाही नव्हे.

आपल्या तरुणाने चौदा गुण लिहिले. शांत, समंजस, संवेदनशील, खोल विचार करणारी, प्रामाणिक, बारकाईने पाहणारी, धीट वगैरे. उजवा रकाना भरायला बसला तेव्हा गंमत झाली. 'शांत' समोर त्याला एकही प्रसंग आठवेना. उलट प्रकाशयोजनेवरून ती दोनदा सर्वांसमोर तडकली होती, हे आठवलं. मग 'शांत' आलं कुठून? ती बोलत नसताना तिचा चेहरा शांत दिसतो, तिथून. 'संवेदनशील' समोर लिहिलं की एका गंभीर प्रवेशात तिचे डोळे भरून आले होते. त्याच प्रवेशात आणखी तिघांचे डोळे भरून आले होते, ते त्याने मी विचारल्यावर सांगितलं. 'समंजस' समोर जो प्रसंग होता, त्यात ती फक्त गप्प बसली होती.

शेवटी चौदापैकी चार टिकले. प्रामाणिक: एका प्रयोगाच्या फसण्याची जबाबदारी तिने कलाकारांवर न ढकलता स्वतःवर घेतली होती. बारकाईने पाहणारी: याला तब्बल सहा प्रसंग होते. धीट. आणि कामात अजिबात टाळाटाळ न करणारी.

इथे एक चूक बरेच जण करतात. चौदातले चारच उरले म्हणजे सगळं खोटं, असं ठरवून मोकळे होतात. संख्येला अर्थ नाही. पाहायचं ते हे की उरलेले चार वाचताना ओढीचं काय होतं. काहींना खोडलेल्या दहांबद्दल हळहळ वाटते आणि उरलेल्या चारांकडे ते ढुंकून बघत नाहीत, तेव्हा समजावं की प्रेम त्या दहांवर होतं आणि ते दहा आपणच भरले होते. काही जण मात्र चारांपाशी थबकतात. आपला तरुण 'बारकाईने पाहणारी' पाशी थबकला. सहावा प्रसंग सांगता सांगता तो तिच्याबद्दल बोलायचं सोडून त्या प्रवेशाबद्दलच बोलायला लागला. हे मी तेव्हा मनात टिपून ठेवलं.

तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडी

"ती कुरूप असती तरी आवडली असती का?" हा प्रश्न लोक स्वतःला विचारतात आणि उत्तर द्यायला मोकळे होतात. हा प्रश्न निरुपयोगी आहे. कल्पनेत आपण सगळेच उदार असतो.

त्याऐवजी उलट बाजूने जा. त्या व्यक्तीची तुम्हाला भावलेली तीन-चार वाक्यं किंवा कृती घ्या आणि ती तुमच्या ओळखीतल्या, दिसायला चारचौघांसारख्या माणसाच्या खात्यावर टाका. शक्यतो असा माणूस निवडा, ज्याच्याबद्दल तुम्हाला काहीच विशेष वाटत नाही. आता ते वाक्य त्याच्या आवाजात ऐका. थांबून ऐकावंसं वाटतं का? त्या माणसाला पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो का?

याहून चांगलं म्हणजे प्रत्यक्षात असं काही घडलंय का ते शोधणं, कारण तिथे कल्पनेची लुडबुड नसते. आपल्या तरुणाला तिचं एक वाक्य फार आवडायचं, की रंगमंचावर रिकामी जागा ठेवणं हेही नेपथ्यच आहे. आठवत गेल्यावर लक्षात आलं की हेच, जवळजवळ याच शब्दांत, त्याच संस्थेतले एक वयस्कर नट त्याला दोन वर्षांपूर्वी सांगत होते आणि हा तेव्हा मोबाइल बघत होता. हे कबूल करताना तो बराच ओशाळला.

पण याच चाचणीत दुसरं टोकही निघालं. ती तालमीत वहीत टिपणं लिहायची आणि सगळ्यांना वाचायला द्यायची. त्या टिपणांच्या काही पानांचे याने फोटो काढून ठेवले होते. मी विचारलं, ही पानं दुसऱ्या कुणाची असती तर ठेवली असतीस? तो म्हणाला, "माझ्याकडे तिच्या आधीच्या दिग्दर्शकाचीही आहेत." हे उत्तर महत्त्वाचं. टिपणांमधला रस तिच्या आधीपासूनचा होता.

प्रश्नांची यादी

मला विचाराल तर या सगळ्यात सर्वांत बोलकी चाचणी ही. तिला पंधरा मिनिटं पुरतात.

त्या व्यक्तीबद्दल तुम्हाला ज्यांची उत्तरं माहीत नाहीत आणि जाणून घ्यावीशी वाटतात असे दहा प्रश्न लिहा. फार विचार न करता, ज्या क्रमाने सुचतील त्या क्रमाने. मग प्रत्येकापुढे खूण करा की हा प्रश्न शेवटी माझ्याकडे वळतो की त्या व्यक्तीकडे? "त्याला माझ्याबद्दल काय वाटतं?", "तो लग्नात सुखी आहे का?", "मी आधी भेटलो असतो तर?" हे माझ्याकडे वळणारे प्रश्न. दुसरा प्रश्न वरवर त्या व्यक्तीबद्दल दिसतो, पण विचारण्यामागचा हेतू बघा. तो सुखी नसेल तर फट रुंद होते, म्हणून तो विचारला जातो. "तिने शिक्षण अर्धवट का सोडलं?", "तो भांडल्यावर आधी बोलतो की वाट बघतो?", "तिला कशाची भीती वाटते?" हे त्या व्यक्तीकडे वळतात. इथे उत्तर काहीही आलं तरी तुमचा फायदा-तोटा होत नाही, तरी ते हवंसं वाटतं.

टिकाऊ रसाची खूण हीच आहे की त्याला माहितीची भूक असते. भुरळीला भूक असते ती खुणांची. भुरळ पडलेल्या माणसाला त्या व्यक्तीने कोणता रंग घातला होता, किती वाजता ऑनलाइन होती, कुणाकडे पाहून हसली, हे सगळं पाठ असतं. पण तिला भाऊ-बहीण किती, हे ठाऊक नसतं. ठाऊक करून घ्यावं असं सुचलेलंही नसतं.

आपल्या तरुणाच्या दहांपैकी सात प्रश्न त्याच्या स्वतःकडेच वळले. उरलेल्या तिनांपैकी दोन तिच्या कामाबद्दलचे होते आणि एक तिच्या आईच्या आजारपणाबद्दलचा. आईबद्दल तो कधीच बोलला नव्हता. मी म्हटलं, तिला विचारलंस का? नव्हतं विचारलं. आठ महिन्यांत अशी संधी अनेकदा आली होती, पण दरवेळी त्याला काहीतरी 'खास' बोलायचं असायचं, आणि साधी विचारपूस राहून जायची.

याच यादीला जोडून एक उपप्रश्न विचारावा. या व्यक्तीबद्दलचं माझं मत शेवटचं कधी बदललं? ज्या माणसात आपल्याला खरा रस असतो तो आपल्याला अधूनमधून चुकीचं ठरवतो. वाटलं होतं तसा तो नाही, हे कळतं, थोडी निराशा होते, आणि रस त्या निराशेला पुरून उरतो. ज्या व्यक्तीने वर्षभरात तुम्हाला एकदाही चुकीचं ठरवलेलं नाही, तिला बहुधा तुम्ही भेटतच नाही. तुम्ही तिच्या चित्राला भेटता.

दिवास्वप्न कुठे थांबतं?

मनातले मांडे सगळेच खातात, त्याला बंदी नाही. फक्त स्वप्न कुठे संपतं ते पाहा. भुरळीतलं स्वप्न साधारण होकारापाशी संपतं. ती व्यक्ती कबूल करते, हात हातात येतो, आणि तिथून स्वप्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पुढे काय होतं ते दाखवायला त्याच्याकडे काही नसतं.

म्हणून ते मुद्दाम पुढे ढकला. होकार मिळाला, सहा महिने झाले. एक कंटाळवाणी संध्याकाळ आहे, तिचं डोकं दुखतंय, तुमचं पैशावरून काहीतरी बिनसलंय, आणि ती तुमच्याशी नाही तर फोनवर कुणाशी तरी चिडून बोलतेय. या दृश्यात राहून पाहा, पाच मिनिटं. दृश्य फिकं पडून पुन्हा सुरुवातीच्या क्षणाकडे सरकतं का? की त्या चिडण्याचं कारण जाणून घ्यावंसं वाटतं? या चाचणीचा निकाल धूसर असतो, तिच्यावर फार विसंबू नका. काहींना कल्पनाच कमी असते.

तीन आठवडे चित्र बंद

शेवटची चाचणी वेळ घेते. तीन आठवडे त्या व्यक्तीचे फोटो, स्टेटस, प्रोफाइल, जुने व्हिडिओ, काहीही पाहायचं नाही. तीन आठवडे हा माझा अंदाजाने ठरवलेला आकडा आहे. एक आठवडा नुसत्या तडफडीत जातो, म्हणून त्याहून कमी नको. कामामुळे प्रत्यक्ष भेट होत असेल तर ती होऊ द्या, पण भेट घडवून आणू नका. कारण साधं आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती जास्त आवडू लागते. दिवसातून दहा वेळा प्रोफाइल उघडणारा माणूस स्वतःच्या भुरळीला दहा वेळा पाणी घालत असतो आणि मग ती वाढली म्हणून तिला खोल समजतो.

या काळात विचार दाबायचे नाहीत. "तिचा विचार करायचा नाही" असं ठरवलं की तो हटकून येतो. फक्त आला की नोंद करा, एका अक्षरात. चेहरा किंवा शरीर आठवलं तर 'च'. होकार, भेट, तिला माझ्याबद्दल काय वाटतं, असं काही असेल तर 'म'. तिचं एखादं बोलणं, काम, अडचण, मत आठवलं तर 'त'. रात्री मोजा. दिवसाच्या एकूण आकड्यापेक्षा तिन्हींचं प्रमाण कसं सरकतं ते पाहा.

भुरळीत 'च' पहिल्या आठवड्यात उसळतो, मग चेहरा हळूहळू पुसट होतो आणि त्याच्याबरोबर 'म' आणि 'त' दोन्ही ओसरतात. टिकाऊ रस असेल तर 'च' कमी होतो पण 'त' जागेवर राहतो, कधी वाढतोही. आणखी एक शक्यता असते: 'च' ओसरतो आणि 'म' मात्र तसाच राहतो. तेव्हा रूपाची भुरळ संपलेली असते, पण नाकारलं गेल्याची बोच उरलेली असते. ती तिसरीच गोष्ट आहे आणि तिला प्रेम समजून माणसं वर्षं घालवतात.

त्याच्या पहिल्या आठवड्याच्या नोंदी: च 41, म 38, त 9. तिसऱ्या आठवड्यात: च 12, म 15, त 11. नोंदी ठेवताना त्याने थोडी लबाडी केली असेलही, कोण करत नाही. पण कल स्पष्ट होता. मोठा डोलारा रूपाचा आणि आशेचा होता, तो झपाट्याने खाली आला. लहानसा 'त' हलला नाही. आणि त्या अकरा नोंदी जेव्हा त्याने उलगडून वाचल्या, तेव्हा त्यातल्या आठ दिग्दर्शनाबद्दल होत्या.

इथे एका सापळ्याबद्दल सांगायला हवं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो अचानक म्हणाला, "नाहीतरी ती गर्विष्ठच आहे." ही सुटका नव्हे, आंबट द्राक्षं आहेत. ज्या व्यक्तीला काल देवी मानलं तिला आज कवडीमोल ठरवणं हे त्याच चित्राचं उलट बाजूने रंगवणं आहे. ओळखायची खूण तीच, उजवा रकाना. 'गर्विष्ठ' समोर प्रसंग लिही म्हटल्यावर त्याला लिहिता आला नाही.

निकाल कसा वाचायचा

बहुतेकांचा निकाल शुद्ध येत नाही. त्याचाही आला नाही. त्यामुळे "खरं की खोटं" असं न विचारता "कशात किती" असं विचारावं. रूपापासून सुरू झालं म्हणून रस खोटा ठरत नाही. 2015 मध्ये 167 जोडप्यांवरचा एक अभ्यास आला होता. नातं सुरू होण्याआधी जे बराच काळ एकमेकांना ओळखत होते, त्यांच्यात दिसण्याची बरोबरी कमी आढळली. म्हणजे ओळख वाढते तसं रूपाचं वजन कमी होत जातं. डोळ्यात भरलेलं माणूस कालांतराने मनात भरू शकतं. फक्त त्यासाठी ओळख लागते, आणि न मिळणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ती एका मर्यादेपलीकडे वाढवण्याचा हक्क आपल्याला नसतो.

हे ठळकपणे सांगतो, कारण इथे लोक घसरतात. निकाल टिकाऊ रसाकडे झुकला म्हणजे दार उघडलं, असं नाही. समोरच्याने नाही म्हटलंय किंवा तो दुसऱ्याशी बांधलेला आहे, हे जसंच्या तसं राहतं. तुमचं प्रेम किती खरं आहे हे पटवून द्यायला जाणं, "एकदा बोलून मोकळं व्हायचंय" म्हणून त्या व्यक्तीला कोपऱ्यात गाठणं, तिच्या मित्रांकडून माहिती काढणं, यातलं काहीही या चाचण्यांचा भाग नाही. सगळी चाचणी तुमच्या वहीत होते. त्या व्यक्तीला तिचा पत्ताही लागता कामा नये.

मग निकालाचा उपयोग काय? भुरळ निघाली तर फट बुजवायची आणि चित्र समोर येऊ द्यायचं नाही. बाकी काम वेळ करते. टिकाऊ रस निघाला तर तो नेमका कशात आहे ते कळतं, आणि ती गोष्ट बहुतेक वेळा त्या एका व्यक्तीपुरती नसते. त्याच्यासमोर मी दोन पर्याय ठेवले होते. तिचा सहायक होणं, जे तो करायला एका पायावर तयार होता, किंवा दुसऱ्या कुणाकडे दिग्दर्शन शिकणं. पहिला मला मुळीच पसंत नव्हता. 'म' अजून पंधरावर असताना रोज दोन तास तिच्या शेजारी बसणं म्हणजे पुन्हा फट रुंद करणं. त्याने कुरकुर करत दुसरा निवडला.

आणि झोप, भूक, काम हे आठवड्यांमागून आठवडे बिघडलेलं असेल, किंवा जगण्यातच अर्थ वाटत नसेल, तर वही बाजूला ठेवून समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तशा मनःस्थितीत रकाने भरून काही निष्पन्न होत नाही, उलट तेच तेच घोळवायला आणखी एक साधन मिळतं.

तो पुढे दिग्दर्शन शिकला. दोन वर्षांनी त्याची पहिली एकांकिका उभी राहिली, तेव्हा ती नवऱ्यासोबत बघायला आली होती. रात्री त्याचा फोन आला. दुसऱ्या प्रवेशात नट फार लवकर वळतो, असं ती म्हणाली होती, आणि ते बरोबर आहे का यावर तो अर्धा तास बोलत होता. मी सहज विचारलं, कशी दिसत होती? जरा थांबून म्हणाला, "बघितलंच नाही रे नीट. पण वळतो ना तो लवकर?"